दरजांचा हिशेब

बंगळुरूच्या बन्नेरघट्टा रस्त्यावर आयआयएमचा परिसर आहे. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी तो रचला. तिथल्या भिंती करड्या ग्रॅनाइटच्या, बिनगिलाव्याच्या आहेत. या शहरात उघड्या दगडाची आणि उघड्या विटेची घरं आजही हौसेनं बांधली जातात. गिलावा नसला की पाऊस थेट दरजांवर येतो. म्हणूनच अशा भिंतीत दरजा भरण्याचं काम, ज्याला साइटवर पॉइंटिंग म्हणतात, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

‘चौरस मीटरला सिमेंट किती, वाळू किती?’ हा प्रश्न घर बांधणारा हमखास विचारतो. त्याचं उत्तर दरजेची लांबी, रुंदी आणि खोली यांवर ठरतं. बंगळुरूकडे मिळणारी वायरकट वीट साधारण २३० मिमी लांब आणि ७५ मिमी उंच असते. लांब बाजू बाहेर ठेवून, १० मिमीच्या दरजा सोडून रचली, तर एका चौरस मीटरमध्ये आडव्या दरजा पावणेबारा मीटर आणि उभ्या पावणेचार मीटरच्या आसपास भरतात. एकूण झाल्या सुमारे साडेपंधरा मीटर. दरज १५ मिमी खोल खरवडलेली असेल, तर तिच्यात २.३ लिटर ओला माल बसतो. करणीवरून खाली पडणारा आणि घमेल्यात उरणारा माल धरून तीन लिटर म्हणू.

कोरड्या सिमेंट-वाळूत पाणी पडलं की घनफळ आटतं. तीन लिटर ओल्या मालासाठी कोरडा माल चार लिटर लागतो. एकास तीनच्या प्रमाणात त्यात एक लिटर सिमेंट, म्हणजे जवळपास दीड किलो, आणि तीन लिटर वाळू येते. खिडक्या वजा जाता पंचवीस चौरस मीटरची भिंत असेल, तर ५० किलोचं एक पोतंही पुरतं संपत नाही. वाळू लागते एका क्विंटलपेक्षा थोडी जास्त, सव्वा क्विंटलपर्यंत. खर्च सगळा गवंड्याच्या हाताचा आहे. सिमेंट वाचवून काही हाती लागत नाही.

दगडात हिशेब बदलतो. ३०० बाय २०० मिमी तोंडाचे घडीव दगड घेतले, तर दरजांची लांबी साडेसात मीटरच्या आत येते. पण दगडाच्या कडा खडबडीत असल्यामुळे दरज २० मिमी रुंद ठेवावी लागते आणि तेवढीच खोल खरवडावी लागते. दरजा निम्म्या असूनही नासधूस सोडून तीन लिटर माल जातो, म्हणजे विटेपेक्षा जास्तच.

हा आकडा साइटवर तपासणीलाही उपयोगी पडतो. समजा विटेच्या भिंतीवर सहा लिटर माल कालवून दिला आणि त्यात दोनऐवजी चार-पाच चौरस मीटर काम उरकलं. मग दरजा खरवडल्याच नाहीत, किंवा वरवर खरवडल्या. अशी पातळ पट्टी उन्हात आकसते, पावसात सुटते आणि दोन-तीन वर्षांत पट्टीसारखी निघून येते. खोली पाहायला खिळ्यावर १५ मिमीची खूण करून तो दरजेत घालावा. बांधकामाचा माल ओला असताना, त्याच दिवशी खरवडणं सोपं जातं. पुढे छिन्नी घ्यावी लागते आणि विटेच्या कडा उडतात.

भरण्याआधी दरज झाडून घ्यायची आणि भिंत भिजवायची. कोरडी वीट मालातलं पाणी शोषते आणि माल भुसभुशीत राहतो. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवायचा, काम वरून खाली न्यायचं, माल दाबून बसवायचा आणि पुढे सात दिवस पाणी मारायचं. बंगळुरूत नदीच्या वाळूऐवजी आता बहुतेक ठिकाणी एम-सँड वापरतात. ती चालते, पण चाळून घ्यावी. क्रशरची भुकटी तिच्या नावाखाली आली, तर माल जास्त पाणी मागतो आणि वाळताना दरजेत केसाएवढे तडे दिसतात.

एकास तीनचं प्रमाण मात्र सगळीकडे लावू नये. भारतीय विज्ञान संस्थेत के. एस. जगदीश आणि बी. व्ही. वेंकटराम रेड्डी यांनी या भागातल्या विटांचा अभ्यास केला आहे. हातानं साच्यात पाडलेली इथली वीट पुष्कळदा सिमेंटच्या मालापेक्षा मऊ असते. अशा विटेला एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू हा मिश्र माल बरा.

बसवनगुडी, मल्लेश्वरमच्या जुन्या घरांत भिंत चुन्यात बांधलेली असते. तिच्या दरजांत घट्ट सिमेंट भरलं, तर आतली ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही. ती विटेतून वाट काढते, पृष्ठभागावर लोणा आणते आणि विटेचं तोंड पापुद्र्यांनी झडायला लागतं. दरज शाबूत आणि वीट आत गेलेली दिसली, की हेच घडलं असं समजावं. तिथे सिमेंट जपून काढून चुन्याचाच माल भरावा लागतो. चुना सावकाश घट्ट होतो, म्हणून ती भिंत ओल्या गोणपाटानं झाकून ठेवायची.