बारा तुकडे, दोन पाइप

वर्कशॉपमधलं कामाचं टेबल हवं आहे : लांबी १५००, रुंदी ७५० आणि उंची ८५० मिलिमीटर. वरती ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा, खाली वेल्डिंग केलेला लोखंडी सांगाडा. ही तीन मापं घेऊन कोणी थेट पाइप कापायला बसला, तर टेबल हमखास चुकतं. कारण ही मापं तयार टेबलाची आहेत, त्यातल्या एकाही पायाची नाहीत. या मापांपासून कापायच्या तुकड्यांपर्यंत पोचणं, म्हणजे कटिंग लिस्ट तयार करणं, हाच या कामाचा खरा गाभा आहे.

आधी माल ठरतो. ५० बाय ५० चा, ६ मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो. त्याच मापाचा ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप सव्वाचार. वजन जवळजवळ सारखंच, तरी पिळाला विरोध करण्यात पाइप अँगलच्या चाळीस पटींहून वरचढ असतो, कारण त्याच्या चारही भिंती एकमेकींना जोडलेल्या असतात. टेबलावर व्हाइस बसणार आणि त्यात धरलेल्या नळाला कोणीतरी जोर लावून पिळणार, हे डोळ्यांसमोर ठेवलं की पाइपच घ्यावा लागतो.

मग प्रश्न येतो सांध्यांचा : कोणता तुकडा अखंड जाणार आणि कोणता मध्ये अडणार? वरच्या चौकटीत लांब बाजू अखंड ठेवल्या, तर त्या दोन्ही १५०० च्या. आखूड बाजू त्यांच्या मध्ये बसतात, म्हणून ७५० मधून दोन पाइपांची रुंदी वजा करून ६५०. मधला आडवा आधारही तेवढाच. पत्र्याचं ओझं एकट्याचंच ५३ किलो आहे, त्यामुळे तो आधार वगळून चालत नाही.

पायांच्या बाबतीत वजाबाकी आणखी लांबते. ८५० मधून वरचा पत्रा ६, चौकटीचा पाइप ५० आणि पायाखालची पट्टी ६ अशी वजा केली की उरतात ७८८. ही वजाबाकी विसरली, तर टेबल ९१२ चं होतं आणि उभ्याने काम करणाऱ्याचे खांदे दिवसभर उचललेले राहतात.

खालच्या बाजूला दोन्हीकडे पायांना जोडणारे ६५० चे दोन तुकडे लागतात. पुढे-मागे १४०० चे दोन दांडे टाकावेत असं कोणालाही वाटेल. पण मग एकूण लांबी १२ मीटर २०२ मिलिमीटर होते, आणि बाजारातला पाइप येतो ६ मीटरचा. म्हणजे एका दांड्यासाठी तिसरा पाइप आणावा लागतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंच्या खालच्या तुकड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १४०० चा एकच दांडा घातला, तर टेबल लांबीच्या दिशेने डुलत नाही आणि पुढे उभं राहणाऱ्याच्या पायांनाही जागा मोकळी मिळते. इथे आराखडा आणि कटिंग लिस्ट एकमेकांना सुधारतात. आराखडा पूर्ण झाल्यावर यादी करायला बसणाऱ्याला ही संधी मिळत नाही.

आता यादी अशी : १५०० चे दोन, १४०० चा एक, ७८८ चे चार, ६५० चे पाच. एकूण बारा तुकडे.

पाइपांवर त्यांची मांडणी करताना मोठे तुकडे आधी बसवावेत. पहिल्या पाइपात १५०० चे दोन, १४०० चा एक, ७८८ चा एक आणि ६५० चा एक. बेरीज ५८३८. कापणारं चाक दर कापाला साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास एक सूत, लोखंड खातं. पाच कापांचे १५ धरले, तरी १४७ उरतात. गिरणीतून आलेलं वाकडं तोंड छाटायला तेवढे पुरतात. दुसऱ्या पाइपात उरलेले सात तुकडे बसतात आणि एक मीटरचा सलग तुकडा शिल्लक राहतो, तोही पुढच्या कामाला येतो. मात्र पहिला काप देण्याआधी पाइपांची लांबी टेपने मोजलीच पाहिजे.

लांब बाजूंची चार तोंडं उघडी राहतात, त्यांवर पत्र्याच्या टोप्या लागतात. ते टाळायला कोपरे ४५ अंशांत कापता येतात, पण मग आखूड बाजू बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंत ७५० ची होते. यादीत ‘बाहेरचं माप’ असं स्पष्ट लिहिलं नाही, तर कापणारा आतल्या कडेवर ७५० मोजतो आणि चौकट १०० मिलिमीटरने रुंद होते.

तुकडे जुळवल्यावर आधी फक्त टाके मारायचे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि चौकटीला आपल्याकडे ओढतो. सगळा सांधा एकदम भरला, तर ती ओढ नंतर निघत नाही. टाक्यांनंतर वरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही १६७७ मिलिमीटर भरले, तर चौकट काटकोनात आहे. एक ४ मिलिमीटरने लांब निघाला, तर त्या कर्णाच्या टोकावर हातोडीचे हलके ठोके देऊन चौकट सरळ करता येते, कारण टाके अजून तेवढे झुकतात.