एकाच दागिन्याची दोन वजने

मृग बरसू लागला की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील भातशेतकऱ्याला रोख पैशाची निकड भासते. बियाणे, खत आणि लावणीची मजुरी यांपैकी काहीच थांबू शकत नाही. त्याच सुमारास मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्चही उभा राहतो. अशा वेळी घरातील पाटल्या किंवा बोरमाळ कर्जत, नेरळ वा खोपोलीच्या बाजारपेठेत तारण म्हणून जाते. या कर्जाला जामीनदार शोधावा लागत नाही आणि पैसे तासाभरात हाती पडतात. परंतु हा सारा व्यवहार एका आकड्यावर उभा असतो. त्या दागिन्यात खरे सोने किती, हा तो आकडा. तो लिहितो कर्ज देणाऱ्याचा पारखी. कर्जदार त्याखाली सही करतो. दागिना पाकिटात बंद झाला की त्याची पुन्हा पारख होते ती बहुधा लिलावाची पाळी आली तरच.

ही दुसरी पारख पहिलीशी जुळली नाही तर काय, हा प्रश्न काल्पनिक नव्हे. ४ मार्च २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने आयआयएफएल फायनान्स या कंपनीला नवी सोनेतारण कर्जे देण्यास मनाई केली. कर्ज मंजूर करताना आणि थकबाकीनंतर लिलाव करताना सोन्याची शुद्धता व निव्वळ वजन ठरविण्यात गंभीर तफावती आढळल्या, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. लिलावाची विहित पद्धत न पाळणे, मर्यादेबाहेर रोखीने देवघेव करणे, हीही कारणे त्या आदेशात होती. विशेष लेखापरीक्षण आणि दुरुस्त्या झाल्यानंतर १९ सप्टेंबर २०२४ रोजी ही बंदी उठली. मात्र त्याच महिन्याच्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने सर्वच कर्जदात्या संस्थांना परिपत्रक पाठवून ग्राहकाच्या गैरहजेरीत होणारे मूल्यमापन आणि लिलावातील अपारदर्शकता यांवर बोट ठेवले. म्हणजे दोष एकाच घरचा नव्हता.

एकाच दागिन्याची दोन वजने कशी होतात, हे बोरमाळेवरून चांगले समजते. बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि पत्र्याला आधार मिळावा म्हणून त्यांत लाख भरतात. मणी न फोडता आतील लाख अचूक मोजता येत नाही. पारख्याला ती अंदाजाने वजा करावी लागते. या अंदाजातच चूकही शिरते आणि लबाडीही. मंगळसूत्रातील काळे मणी किंवा नथीतील मोती डोळ्यांना दिसतात, लाख दिसत नाही.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. बोरमाळेचे एकूण वजन २० ग्रॅम, त्यात लाख ५ ग्रॅम, म्हणजे सोने १५ ग्रॅम. बावीस कॅरटचा भाव सोयीसाठी ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर खरी किंमत दीड लाख होते. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या निर्देशांनुसार, अडीच लाखांपर्यंतच्या घरखर्चाच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांची मर्यादा आहे. येथे ती १,२७,५०० रुपये होते. आता पारख्याने लाख केवळ २ ग्रॅम वजा करून सोने १८ ग्रॅम लिहिले, तर मर्यादा १,५३,००० वर जाते. तारणाच्या खऱ्या किमतीहून कर्ज मोठे झाले. कर्जदाराने पाठ फिरविली तर हा खड्डा ठेवीदारांच्या पैशाने भरावा लागतो.

उलट बाजू कर्जदाराच्या अंगावर येते. समजा, कर्ज योग्य होते आणि लिलावाच्या दिवशी व्याजासह येणे १,२५,००० रुपये आहे. निर्देशांनुसार राखीव किंमत चालू मूल्याच्या ९० टक्क्यांहून कमी ठेवता येत नाही. दोन लिलाव फसले तरच ती ८५ टक्क्यांवर आणता येते. १५ ग्रॅमवर ही किंमत १,३५,००० ठरते, म्हणजे कर्जदाराला किमान १०,००० रुपये परत मिळावेत. पण लिलावापूर्वीच्या पारखीत सोने १३ ग्रॅम लिहिले गेले, तर राखीव किंमत १,१७,००० वर उतरते. दागिना त्या किमतीला गेला, तर कर्जदाराकडेच आणखी ८,००० रुपयांची मागणी होते. दोन ग्रॅमच्या नोंदीने त्या कुटुंबाला १८,००० रुपयांचा फटका बसला, आणि कागदोपत्री नियम एकही मोडलेला दिसत नाही.

शुद्धतेच्या पारखीलाही मर्यादा आहेत. कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ आणि तिच्यावर टाकलेले आम्ल वरच्या थराचीच साक्ष देतात. क्ष-किरणांनी कस मोजणारे यंत्र आकडा नेमका दाखविते, पण तेही पृष्ठभागच वाचते. जाड मुलामा त्याला फसवू शकतो. म्हणून संशयित दागिना आडबाजूला कानशीने किंचित घासून आतला कस पाहावा लागतो. तुकडा वितळवून केलेली परीक्षा सर्वांत खात्रीची, परंतु तारण ठेवलेली वस्तू तोडण्याचा अधिकार तपासनिसाला नसतो.

या पार्श्वभूमीवर पाकिटे मोजून नोंदवहीशी ताळा घालणारी तपासणी अपुरी ठरते. पाकिटांची संख्या, मोहोर, सह्या आणि दोन अधिकाऱ्यांकडे विभागलेल्या किल्ल्या हे सारे पाहिलेच पाहिजे. पण खोटे सोनेही सुस्थितीतील मोहोरबंद पाकिटात नांदू शकते. म्हणून पूर्वसूचना न देता, साक्षीदारांसमोर निवडक पाकिटे उघडून पुन्हा पारख करावी आणि ती मूळ पारख्याखेरीज दुसऱ्याने करावी. निवडही डोळसपणे व्हावी. लाखेचे व पोकळ दागिने, वारंवार नूतनीकरण झालेली कर्जे, एकाच व्यक्तीची अनेक खाती आणि नोकरवर्गाच्या नातलगांची तारणे आधी काढावीत. लहान गावात पारखी एक-दोनच असतात. तेथे बाहेरचा पारखी आणणे अत्यावश्यक होय.

लिलावाच्या तपासणीत तीन कागद शेजारी ठेवावेत: तारणावेळचा दाखला, लिलावापूर्वीची पारख आणि खरेदीदाराने भरलेली रक्कम. नोंदलेल्या वजनाने रक्कम भागून निघणारा भाव त्या दिवसाच्या बाजारभावाहून चढा आला, तर खरेदीदाराला सोने नोंदीपेक्षा अधिक असल्याची कल्पना होती, असा संशय घेण्यास जागा आहे. तोच खरेदीदार पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो संशय बळावतो.

नव्या निर्देशांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही शेवटची मुदत ठरविण्यात आली. पारख कर्जदारासमोर व्हावी, दाखल्यात एकूण वजन, वजावट, निव्वळ वजन व कस यांबरोबर दागिन्याचे छायाचित्रही असावे, लिलावाची जाहिरात प्रादेशिक भाषेतील दैनिकातही यावी आणि उरलेली रक्कम सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळावी, असे त्यांत म्हटले आहे. निरक्षर कर्जदाराला अटी समजावताना संस्थेचा नोकर नसलेला साक्षीदार हवा, ही अट माथेरानच्या पायथ्याच्या आदिवासी वाड्यांना विशेष मोलाची आहे. तेथे दैनिकातील जाहिरात पोहोचेलच असे नाही. तरीही यांतील कळीची गोष्ट म्हणजे तो दाखला. वजावटीचा आकडा कर्जदाराच्या प्रतीवरही असेल, तरच लिलावाच्या दिवशी लिहिलेल्या दुसऱ्या वजनाला हरकत घेता येईल. दागिना हातून गेल्यावर कुटुंबाजवळ पुरावा म्हणून तेवढा एक कागदच उरतो.