पडल्यानंतरचा पहिला ब्रेक

ओल्या वळणावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की पुढचं चाक घसरतं आणि स्कूटर क्षणात आडवी होते. हाड जुळतं, डॉक्टर परवानगी देतात, पण हात घाबरलेलेच राहतात. अशी भीती हँडलवर थेट उतरते. कोपरे ताठ होतात, नजर पुढच्या चाकाजवळच्या खड्ड्यावर खिळते आणि गाडी नेमकी तिकडेच जाते. म्हणजे भीतीच पुन्हा पडण्याची शक्यता वाढवते.

म्हणून सुरुवात ब्रेकपासून करावी. त्याआधी मेकॅनिककडून हँडल, फोर्क आणि टायर तपासून घ्यावेत. वाकलेल्या हँडलची गाडी एका बाजूला ओढते आणि स्वार स्वतःलाच दोष देत बसतो. मग रिकाम्या, कोरड्या मैदानात सरळ रेषेत ताशी 20 किलोमीटरने जाऊन दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या दाबाने लावायचे. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, त्याची पकड वाढते, आणि मगच जास्त दाब पेलतो. हे बोटांना कळेपर्यंत करत राहावं. त्यानंतर वळणं: वेग वळणाआधीच कमी करायचा, नजर बाहेर पडण्याच्या दिशेला ठेवायची.

तळवे दुखू लागले, तर मूठ आवळली जाते आहे असं समजून थांबावं. अपघाताची जागा सगळ्यात शेवटी, सकाळच्या कमी रहदारीत, सोबत कुणाला तरी घेऊन. महिना उलटूनही अपघाताची स्वप्नं पडत असतील किंवा गाडीच्या आवाजानेच छाती धडधडत असेल, तर सराव पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.