सेल्फीवर नवा कुर्ता बेतताना

विक्रीच्या छायाचित्रातला कुर्ता साधारण तीन मीटरवरून, छातीच्या उंचीवर कॅमेरा ठेवून टिपलेला असतो. सेल्फी मात्र हातभर अंतरावरून आणि बहुधा जरा वरून काढलेली असते. पहिल्या चित्रातला कुर्ता कापून दुसऱ्यातल्या अंगावर ठेवला, तर खांदे जुळतात. पण घेर नको तेवढा रुंद आणि लांबी नको तेवढी जास्त दिसते. कुर्त्याची शिलाई, रंग, सुरकुत्या सगळे खरे असूनही चित्र खोटे वाटते ते यामुळेच.

याचा दोष सर्रास ‘वाइड अँगल’ भिंगाला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. भिंग रुंद कोनातले दृश्य चौकटीत बसवते आणि कडेच्या वस्तू काहीशा ताणते. शरीराची प्रमाणे बदलतात ती अंतरामुळे. कॅमेऱ्यापासून दुप्पट लांब असलेली गोष्ट चित्रात निम्मी दिसते. तीन मीटरवरून पाहताना खांदा आणि गुडघा यांच्या अंतरांतला फरक नगण्य असतो, हातभर अंतरावर तोच फरक मोठा ठरतो. चेहऱ्यावरही हा परिणाम दिसतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या गणितानुसार, दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत ३० सेंटिमीटरवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते.

कपड्याच्या बाबतीत हे किती बिघडते, ते एका उदाहरणातून पाहता येईल. मुलगी १६० सेंमी उंचीची आहे. कॅमेरा जमिनीपासून १६५ सेंमीवर, अंगापासून आडवा ५५ सेंमी पुढे आणि ३० अंश खाली झुकवलेला आहे. कुर्त्याचे खांदे जमिनीपासून १३२ सेंमीवर, कंबर ९८ वर आणि खालचा काठ ५५ वर. कॅमेऱ्याच्या नजरेच्या दिशेने मोजले, तर खांदे ६४ सेंमी दूर आहेत, कंबर ८१ आणि खालचा काठ जवळजवळ १०३. म्हणजे खांद्यापाशी जे माप पूर्ण दिसते, ते काठापाशी सुमारे ६२ टक्केच दिसणार.

खांद्याची रुंदी ३८ सेंमी आणि खाली घेराची रुंदी ५६ सेंमी धरली, तर विक्रीच्या चित्रात घेर खांद्यापेक्षा जवळजवळ दीडपट रुंद असतो. या सेल्फीत तोच घेर खांद्याच्या हिशेबाने ३५ सेंमीइतका, म्हणजे खांद्यापेक्षा अरुंद दिसायला हवा. लांबीचे तर विचारूच नये. प्रत्यक्षात खांद्याच्या रुंदीच्या दुप्पट लांब असलेला कुर्ता इथे रुंदीपेक्षा जेमतेम नऊ टक्के लांब दिसतो. ए-लाइन कुर्ता खाली निमुळता झालेला पाहून ‘काहीतरी चुकले’ असे वाटणे साहजिक आहे. पण त्या चौकटीत तोच बरोबर असतो.

तेव्हा भरपाई करायची ती कपड्यात. चेहरा आणि अंग सरळ करून घेण्याच्या पद्धतीही आहेत, पण त्यात माणसाचाच चेहरा बदलतो आणि तो बदल घरच्यांच्या लगेच लक्षात येतो. कुर्ता बदलला तर कुणाची तक्रार नसते.

पहिली गरज आहे कॅमेऱ्याचे अंतर कळण्याची. दोन बुबुळांच्या केंद्रांमधले अंतर प्रौढ माणसात सरासरी ६.३ सेंमी असते. फोटोच्या फाइलमधल्या नोंदीत भिंगाचे ‘३५ मिमी’च्या हिशेबातले फोकल अंतर बहुधा मिळते. ते २४ मिमी असेल आणि फोटो ३०२४ बाय ४०३२ पिक्सेलचा असेल, तर फोकल अंतर सुमारे २८०० पिक्सेल होते. बुबुळांमध्ये ३२० पिक्सेल मोजले गेले, तर २८०० गुणिले ६.३ भागिले ३२०, म्हणजे डोळे सुमारे ५५ सेंमीवर आहेत. मान वळलेली असेल तर बुबुळे जवळ दिसतात आणि अंतर फुगते, म्हणून समोर पाहणारा चेहराच मापाला घ्यावा. फोटो आधी कातरलेला असेल तर हा हिशेब कोसळतो, कारण चित्राचा मध्य आणि भिंगाचा मध्य एक राहत नाहीत. कॅमेऱ्याचा झुकाव मागच्या दाराच्या चौकटीवरून ताडता येतो. उभ्या कडा खाली एकमेकींकडे झुकत असतील तर कॅमेरा खाली पाहत होता, आणि जितक्या जास्त झुकतील तितका कोन मोठा.

यानंतर कुर्त्याचा धडाचा भाग एक सपाट पत्रा मानून त्याचे चार कोपरे, दोन खांद्यांचे आणि दोन काठाचे, सेल्फीतल्या जागी नेले जातात. हे काम यथार्थदर्शनाचे गणित पाळणाऱ्या साधनानेच व्हावे. जीआयएमपी या मोफत प्रणालीत त्याचे नाव `Perspective` आहे. नुसते वरून खाली निमुळते करत नेले, तर बाह्य आकार जुळतो पण आतली जागा चुकते. वरच्या उदाहरणात कंबर खऱ्या कुर्त्यात खांद्यापासून ४४ टक्के लांबीवर आहे. सेल्फीत ती ५६ टक्क्यांवर यायला हवी, कारण वरचा भाग जवळ असल्याने जास्त जागा खातो. सरळ प्रमाणात ओढलेल्या कुर्त्याची कंबर ४४ टक्क्यांवरच अडकते आणि धड आखूड दिसू लागते.

छापील किंवा विणलेल्या कापडात ही चूक चटकन पकडता येते. गोल बुट्ट्या असतील तर खांद्यापाशी त्या जवळजवळ गोलच दिसतात. खाली जाताना त्या लहान होतात आणि चपट्याही. काठापाशी त्यांची उंची रुंदीच्या निम्मी उरते. सगळ्या बुट्ट्या गोल राहिल्या असतील, किंवा नुसत्या लहान होऊन गोलच राहिल्या असतील, तर ताण सरळ दिलेला आहे असे समजावे. काठाची पट्टीही तशीच. तीच पट्टी खांद्यापाशी जितकी जाड दिसली असती, त्याच्या दोन पंचमांश जाडीची ती खाली दिसते.

सपाट पत्र्याचे गणित सरळ रेषा सरळच ठेवते, आणि इथे त्याची मर्यादा येते. घेर प्रत्यक्षात अंगाभोवती फिरलेला असतो. वरून पाहताना त्याचा पुढचा भाग खाली झुकलेली कमान करतो, तर विक्रीच्या चित्रात तो जवळजवळ आडवा असतो. म्हणून चार कोपरे बसवल्यावर काठाचा मधला भाग वेगळा खाली ओढावा लागतो. गळ्याचेही तसेच: वरून गळा जास्त उघडा दिसतो. ही कमान नसेल तर कुर्ता अंगात घातलेला न वाटता अंगावर चिकटवलेल्या कागदासारखा वाटतो.

बाह्या धडाबरोबर कधीही ओढू नयेत. मुंढ्याच्या शिवणीवर त्या वेगळ्या कापून प्रत्येकीचे अंतर स्वतंत्र धरावे. खाली सोडलेल्या हाताची बाही धडासारखीच मनगटाकडे बारीक होते. फोन धरलेल्या हाताची उलटी चालते: खांदा ६४ सेंमीवर आणि कोपर ३५ वर असेल, तर तेवढ्यातच माप पावणेदोन पटीहून जास्त होते. शिवाय हा हात चौकटीच्या कडेला असतो, तिथे भिंगाचा ताणही भर घालतो. मध्यापासून ३५ अंशांवर कापड मध्यापासून बाहेरच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा सुमारे २२ टक्के जास्त ताणले जाते. विक्रीच्या चित्रातली लोंबती पूर्ण बाही या हातावर नीट बसतच नाही, कारण तिची आतली बाजू त्या चित्रात टिपलेलीच नसते. अशा फोटोसाठी अर्ध्या बाहीचा कुर्ता निवडावा, नाहीतर तो हात चौकटीबाहेर कातरावा. मात्र कातरण्याआधी अंतराचा हिशेब उरकलेला असावा.