लेसरवर आणखी दीड तास

लेसरवर जादा वेळ मागणारे अर्ज प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात येतात. तोवर वेळापत्रक बोर्डावर लागलेले असते आणि जर्नल सर्टिफाय करून घेण्याची धांदल सुरू झालेली असते. बहुतेक महाविद्यालयांत लेसरची मांडणी एक, फार तर दोन. बॅच वीस जणांची. फिरत्या टर्नमध्ये एका गटाच्या वाट्याला ती मांडणी सत्रात एकदाच येते, आणि त्या वेळेतला मोठा भाग किरण सरळ रेषेत आणण्यात जातो. पुष्कळांची मापे मग शेवटच्या वीस मिनिटांत घाईघाईने घेतलेली असतात. काहींची तर घेतलेलीही नसतात. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, हे पुस्तकात छापलेले असते. तिथून उलटे गणित करून ‘रीडिंग बसवणे’ ही कला कोणाला शिकवावी लागत नाही.

अशा वेळी येणारा नेहमीचा अर्ज दोन ओळींचा असतो: सराव करायचा आहे, तरी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. त्यावर निर्णय घेणे प्रयोगशाळा प्रभारींना अवघड जाते, कारण सराव कशाचा आणि किती वेळ, हे त्यात नसते. लेसर चालू असताना कोणीतरी जबाबदार माणूस खोलीत लागतो. परीक्षेसाठी लावून ठेवलेली मांडणी हलली तर ती पुन्हा लावण्याचे काम त्याच माणसाच्या गळ्यात पडते. म्हणून नकार येतो. उपयोगी अर्ज कसा असतो, त्याचा हा एक नमुना:

प्रति,
मा. प्रयोगशाळा प्रभारी, भौतिकशास्त्र विभाग

विषय : लेसर-ग्रेटिंग प्रयोगासाठी जादा वेळ मिळण्याबाबत

आदरणीय मॅडम,
मी तृतीय वर्षाच्या ‘ब’ बॅचमध्ये आहे. मागच्या टर्नला हेलियम-निऑन लेसर आणि इंचाला १५,००० रेषांचे ग्रेटिंग वापरून तरंगलांबी काढली. ग्रेटिंग ते पडदा अंतर ५० सेंटिमीटर घेतले होते. पहिल्या कोटीचा ठिपका डावीकडे २१.४ आणि उजवीकडे १९.९ सेंटिमीटरवर आला. सरासरी घेऊन उत्तर ६४६ नॅनोमीटर येते. दोन्ही बाजू जुळत नाहीत, त्यामुळे पडदा किंवा ग्रेटिंग तिरके असावे असे वाटते. ते सरळ करून मापे पुन्हा घ्यायची आहेत. नंतर पडदा ८० सेंटिमीटरवर नेऊन तीच मापे घ्यायची आहेत. त्याला लांब बोर्ड लागतो आणि तो शेजारच्या टेबलाच्या वाटेत येतो, म्हणून नेहमीच्या तासाला जमत नाही. गुरुवारी शेवटचा तास संपल्यावर दीड तास मिळावा. लॅबमधल्या मामांना विचारले आहे, त्या दिवशी ते थांबू शकतात. मी आणि माझी पार्टनर दोघीच असू. किरण बोर्डावरच अडवू आणि मांडणी होती तशी लावून देऊ.
आपली विद्यार्थिनी

या अर्जाचे सगळे वजन २१.४ आणि १९.९ या दोन आकड्यांत आहे. बसवलेल्या रीडिंगमध्ये डावी-उजवी बाजू नेहमी गोडीगुलाबीने जुळते. इथे दीड सेंटिमीटरचा फरक आहे, म्हणजे मापे खरोखर घेतलेली आहेत आणि मांडणीत काहीतरी बिघडलेले आहे. विनंतीचे कारण विनंतीतच आले.

आता बिघडले काय, ते पाहू. इंचाला १५,००० रेषा म्हणजे दोन रेषांमधले अंतर १.६९३ मायक्रोमीटर. d sin θ = mλ या सूत्रात ६३२.८ नॅनोमीटर घातले की पहिल्या कोटीचा कोन सुमारे २१.९ अंश येतो. पडदा किरणाला काटकोनात असेल तर मधल्या ठिपक्यापासून दोन्ही बाजूंचे ठिपके सारख्या अंतरावर पडायला हवेत. पडदा पाच अंश जरी फिरला तरी एका बाजूचा ठिपका लांब सरकतो आणि दुसऱ्या बाजूचा जवळ येतो. अर्जातला फरक नेमका एवढ्या तिरकेपणाचा आहे. डोळ्याला पाच अंश सहज फसवतात, अंधाऱ्या खोलीत तर नक्कीच.

अडचण अशी की ग्रेटिंग तिरके असले तरी लक्षण तेच दिसते. ग्रेटिंग पाच अंश फिरले असेल तर याच अंतरावर दोन बाजूंत सुमारे आठ मिलिमीटरचा फरक पडतो. नुसत्या आकड्यांवरून दोषी ठरवता येत नाही, त्यासाठी परतीचा ठिपका पाहावा लागतो. ग्रेटिंगच्या काचेवरून थोडा प्रकाश मागे परततो आणि लेसरच्या तोंडाजवळ अंधूक लाल ठिपका उमटतो. ग्रेटिंग हळूहळू फिरवत तो ठिपका किरण जिथून बाहेर पडतो त्या भोकावर आणला की ग्रेटिंग किरणाला काटकोनात आले. पडद्याची तपासणीही अशीच होते. ग्रेटिंग क्षणभर बाजूला काढायचे, पडद्यावर छोटा सपाट आरसा टेकवायचा आणि परतणारा किरण त्याच भोकावर आणायचा. दोन्ही कामांना सवय नसलेल्या हातांना वीस-पंचवीस मिनिटे लागतात. टर्नच्या वेळेत हीच पायरी पहिल्यांदा गाळली जाते.

पडदा सरळ केल्यावर या मांडणीत दोन्ही बाजूंना २०.५५ सेंटिमीटर मिळतात. डावी-उजवी बाजू जुळली. बहुतेक विद्यार्थी इथे समाधानाने लेसर बंद करतात. पण गणित केले तर उत्तर सुमारे ६४४ येते. ज्या तिरकेपणावर सगळा संशय होता त्याने फक्त दोन-तीन नॅनोमीटरची चूक केली होती, कारण डाव्या-उजव्या मापांची सरासरी त्याचा बराचसा परिणाम गिळून टाकते. उरलेले दहा-अकरा नॅनोमीटर दुसऱ्याच ठिकाणाहून आले आहेत. त्या चुकीत दोन्ही बाजू सारख्याच फसतात, त्यामुळे ती कुठे दिसत नाही.

ती असते अंतराच्या मापात. पट्टीवरचे अंतर स्टँडच्या खुणेवरून वाचले जाते, पण ग्रेटिंग होल्डरमध्ये त्या खुणेच्या थोडे मागे किंवा पुढे बसलेले असते. इथे ते लेसरच्या बाजूला एक सेंटिमीटर मागे होते. म्हणजे पट्टी ५० दाखवत होती तेव्हा खरे अंतर ५१ होते. भिंगांच्या प्रयोगात हीच चूक ‘बेंच एरर’ म्हणून आवर्जून काढली जाते. लेसरच्या प्रयोगात मात्र ती का कोण जाणे विसरली जाते. कदाचित लेसर म्हटले की उपकरण आपोआप अचूक, असा समज असावा. किरण सरळ असतो हे खरे, पण पट्टी तीच जुनी लाकडी असते.

अर्जातले ८० सेंटिमीटर इथे कामाला येतात. पडदा पट्टीवर ८० ला नेला की ठिपका ३२.६५ सेंटिमीटरवर पडतो. आता दोन्ही मापांची वजाबाकी करायची. ठिपका १२.१ सेंटिमीटर सरकला आणि पडदा ३० सेंटिमीटर सरकला. खुणेची चूक दोन्ही अंतरांत सारखीच होती, त्यामुळे वजाबाकीत ती उडून जाते. १२.१ ला ३० ने भागून कोन काढला तर तो २१.९७ अंश येतो आणि तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर. अंतर वाढवायचे ते बऱ्यापैकी, कारण पडदा थोडाच सरकवला तर मोजण्यातला अर्धा मिलिमीटरही उत्तरात अनेक नॅनोमीटरचा गोंधळ घालतो. दोन्ही बाजू धरून पासष्ट सेंटिमीटरहून जास्त रुंद बोर्ड लागतो तो याचसाठी. अर्जात बोर्डाचा उल्लेख असल्यामुळे मॅडमना लांबीचा हिशेब मनात करता येतो आणि विद्यार्थिनीने तो आधीच केला आहे हेही कळते.

जादा वेळेसाठी दिले जाणारे एक कारण मात्र टिकत नाही. ‘लेसर गरम व्हायला वेळ लागतो’ असे अनेक अर्जांत असते. हेलियम-निऑनची नळी तापताना प्रकाशाची तीव्रता वरखाली होते, पण तरंगलांबी जास्तीत जास्त दोन-तीन सहस्रांश नॅनोमीटर इकडे-तिकडे होते. लाकडी पट्टीला त्याचे सोयरसुतक नसते. फोटोडायोडने तीव्रता मोजायची असेल तर कारण खरे आहे. मालसच्या नियमाच्या प्रयोगात तर विशेषच, कारण छोट्या नळीतून एकाच वेळी दोन-तीन मोड निघतात, शेजारच्या मोडचे ध्रुवीकरण एकमेकांना काटकोनात असते आणि नळी तापताना त्यांच्यातला वाटा बदलत राहतो. मीटरचा आकडा आपोआप डोलतो आणि पोलॅरायझर खराब असल्याचा संशय येतो. तिथे अर्धा तास आधी लेसर चालू करून ठेवणे रास्त आहे.

लेसर कोणता, हेही अर्जात हवे. डायोड लेसरच्या मॉड्यूलवर ६५० नॅनोमीटर छापलेले असले तरी प्रत्यक्ष आकडा काही नॅनोमीटर पुढे-मागे असतो, शिवाय तो तापमानाबरोबर सरकतो. अशा लेसरवर ६५५ आले तर ती चूक मानून जादा वेळ मागण्यात अर्थ नाही.

सुरक्षेबद्दल अर्जात एकच वाक्य आहे, पण ते नेमके आहे. एक मिलिवॅटपर्यंतचा दृश्य लेसर दुसऱ्या वर्गात मोडतो. तिथे पापणी पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्याने डोळा वाचतो असे धरले जाते. मुद्दाम रोखून पाहिले तर हे संरक्षण उरत नाही. त्याहून शक्तिशाली, पाच मिलिवॅटपर्यंतचा लेसर असेल तर पापणीवर विसंबता येत नाही. प्रयोगशाळेत धोका बहुधा चकाकत्या वस्तूंवरून होतो: मनगटी घड्याळ, अंगठी, स्टीलची पट्टी. वर सांगितलेला आरसा लावतानाच किरण भलतीकडे जाण्याची शक्यता सर्वात जास्त असते, म्हणून त्या वेळी दुसरी व्यक्ती बसून न राहता उभी राहते. बसलेल्या माणसाचे डोळे नेमके किरणाच्या उंचीवर येतात. हेलियम-निऑनच्या नळीला चालताना हजार व्होल्टहून जास्त दाब लागतो आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. लेसर बंद केल्यावरही जोडणीत विद्युतभार काही वेळ राहतो, त्यामुळे लेसर आणि त्याचा वीजपुरवठा यांतली वायर काढायचे काम मामांचे.

गुरुवारी चार ते साडेपाच, अशी मंजुरी अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईने मिळू शकते. खाली बहुधा आणखी एक ओळ असते: जुनी मापे खोडायची नाहीत, त्यांवर एक आडवी रेघ मारून नवीन तक्ता पुढच्या पानावर. ६४६, ६४४ आणि ६३३ असे तिन्ही आकडे जर्नलमध्ये एकाखाली एक राहतात आणि प्रत्येकासमोर काय बदलले ते लिहिलेले असते. परीक्षकाचे तोंडी प्रश्न त्याच पानावरून सुरू होतात.