‘आतडं सडलंय’ म्हणणारा शेतकरी

रावेरच्या केळीपट्ट्यातला साठीचा एक शेतकरी डोळ्यांसमोर आणा. हे चित्र कुणा एका माणसाचं नाही. अशा आजारात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून मी ते उभं केलं आहे. गेले दोन महिने त्याची भूक गेली आहे, पहाटे तीनलाच जाग येते आणि अंगावरचे कपडे ढगळ झाले आहेत. पोट साफ होत नाही, ही त्याची मुख्य तक्रार. त्यासाठी जळगावला दुर्बिणीने तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. सगळं ठीक निघालं. गॅसच्या गोळ्या घेऊन तो घरी आला. मग एक दिवस बायकोने ताट पुढे केलं तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘मन्हं आतडं सडी गयं.’ खाल्लेलं जाणार कुठे, असा त्याचा सवाल होता.

या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते. ही नुसती उदासी राहत नाही. तीव्र नैराश्यात माणूस जेव्हा वस्तुस्थितीशी फारकत घेतलेल्या गोष्टी ठामपणे खऱ्या मानू लागतो, तेव्हा त्याला सायकोटिक डिप्रेशन म्हणतात. या भ्रमांचे विषय ठरलेले असतात : पाप, कंगाली, शिक्षा, शरीर सडणं. आपले अवयवच उरले नाहीत, आपण मेलेलोच आहोत असं सांगणाऱ्या रुग्णांचं वर्णन फ्रेंच डॉक्टर ज्यूल कोतार यांनी 1880मध्येच केलं होतं. म्हणजे आपला शेतकरी वैद्यकशास्त्राला अनोळखी नाही. तो पोटाच्या दवाखान्यात अनोळखी ठरतो, इतकंच.

खान्देशात हा आजार ओळखणं आणखी एका कारणाने अवघड जातं. कर्ज खरंच असतं. केळीवर रोग पडतो, कापसाचा भाव पडतो, सोसायटीची नोटीस येते. तेव्हा ‘मी बुडालो’ म्हणणारा माणूस घरच्यांना भ्रमिष्ट वाटत नाही, आणि तसा तो नसतोही. मग फरक कुठे दिसतो? पुराव्यापुढे. मुलगा पासबुक दाखवतो, दोन लाख देणं आहे आणि पीकविम्याचे पैसे जमा झाले आहेत. काळजीत असलेला माणूस हे ऐकून थोडा तरी सावरतो. आपला शेतकरी मात्र म्हणतो की पासबुक खोटं आहे, साऱ्या गावाच्या बागा माझ्या पापाने गेल्या, आता पोलीस येतील आणि पोरांनाही धरतील. अशा वेळी समजूत घालण्यात आठवडे घालवू नयेत.

बरेच रुग्ण हे आपणहून सांगत नाहीत. त्यांना लाज वाटते, किंवा शिक्षा अटळ आहे म्हणून बोलण्यात अर्थ वाटत नाही. म्हणून डॉक्टरने सरळ विचारावं लागतं : हातून मोठं पाप घडलंय असं वाटतं का? कुणी शिक्षा करणार आहे का? कानावर कुणाचा आवाज येतो का? मरावंसं वाटतं का? शेवटचा प्रश्न विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. त्याबरोबर थायरॉइड, बी-12, साखर, सोडियम तपासावं. दारू, स्टेरॉइडच्या गोळ्या, नुकताच सुरू झालेला विसरभोळेपणा यांची चौकशी करावी. पूर्वी कधी झोपेविना उत्साहाचं, अवाच्या सवा खर्चाचं वारं अंगात आलं होतं का, हेही विचारावं. तसं असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि औषधांचा बेत बदलतो.

आता उपचार. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे नुसती नैराश्याची गोळी देऊन महिनाभर वाट पाहणं. भ्रम असलेल्या नैराश्यात नैराश्यावरची आणि भ्रमावरची अशी दोन औषधं जोडीने द्यावी लागतात. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या, 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 259 रुग्ण होते. निम्म्यांना ओलान्झापिनसोबत सर्ट्रालिन दिलं, उरलेल्यांना ओलान्झापिनसोबत औषध नसलेली गोळी. बारा आठवड्यांत जोडऔषधाच्या गटातले सुमारे 42 टक्के पूर्ण सावरले, दुसऱ्या गटातले 24 टक्के. अभ्यासात ठरवलेली मात्राही दमदार होती : सर्ट्रालिन रोज 150 ते 200 मिलिग्रॅम, ओलान्झापिन 15 ते 20. साठी ओलांडलेल्याला ती हळूहळू वाढवत न्यावी लागते. सर्ट्रालिनने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. ओलान्झापिनने सुस्ती येते, तोल जातो, वजन आणि साखर वाढते.

घरी काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. तीन आठवड्यांनी झोप लागते, तो जेवू लागतो. मग कुणीतरी शिकलेला पुतण्या मोबाईलवर गोळीचं नाव टाकतो, ‘स्किझोफ्रेनिया’ वाचतो आणि म्हणतो, ही तर वेड्याची गोळी! ती बंद होते. 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासाने याची किंमत मोजून दाखवली. बरे होऊन स्थिरावलेल्या रुग्णांपैकी ज्यांचं ओलान्झापिन बंद केलं त्यांच्यातले निम्म्याहून जास्त पुढच्या 36 आठवड्यांत पुन्हा आजारी पडले. ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्यात हे प्रमाण पाचांत एक होतं. सर्ट्रालिन दोन्ही गटांत चालूच होतं.

पण तीन आठवडे थांबण्याची सवड प्रत्येकाला नसते. आपल्या शेतकऱ्याने पाणीही सोडलं तर? भिंतीकडे तोंड करून तो निश्चल पडून राहिला, किंवा फवारणीच्या औषधाकडे हात गेला तर? अशा वेळी इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात ती, सर्वांत शेवटी ठेवायची नसते. तीच आधी सुचवायची असते. औषधांची जोडी पुरेशा मात्रेत देऊनही गुण नसेल, ती सोसत नसेल, किंवा मागच्या वेळी हाच उपचार लागू पडला असेल, तेव्हाही. 2001च्या एका अमेरिकी अभ्यासात हा उपचार पुरा केलेल्या सायकोटिक डिप्रेशनच्या रुग्णांपैकी 95 टक्के लक्षणमुक्त झाले. भ्रम नसलेल्यांत हा आकडा 83 होता.

सिनेमातलं दृश्य इथे विसरायला हवं. रुग्ण उपाशीपोटी येतो, भूलतज्ज्ञ झोपेचं आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतो, तोंडात दातांना जपणारं रबर ठेवतात. काही सेकंद वीज दिली जाते आणि मेंदूत साधारण अर्धा-एक मिनिट झटका येतो. शरीर फारसं हलत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण सहा ते बारा वेळा. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता हा उपचार करायला 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. त्याच कायद्याने तातडीचा उपचार म्हणूनही तो देता येत नाही. आधी रीतसर संमती घ्यावी लागते. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीची मदत लागते. म्हणून घरच्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये.

हा उपचार देण्याआधी खान्देशातल्या दवाखान्यांनी एक गोष्ट मुद्दाम विचारावी : रुग्णाने अलीकडे कीटकनाशक प्यायलं होतं का? ऑर्गनोफॉस्फरस गटाच्या विषाने कोलिनेस्टरेज हे द्रव्य घटतं. स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन मोडायला त्याच कुळातलं द्रव्य लागतं. ते कमी असेल तर काही मिनिटांत परतायचा श्वास बराच वेळ परतत नाही. बायकोने ते लाजेखातर लपवलं असेल, तर भूलतज्ज्ञाला कळणार कसं?

या उपचाराचा तोटा आहे तो स्मरणाचा. उपचाराच्या आठवड्यांतल्या आणि त्याआधीच्या काही आठवणी पुसट होतात, बहुतेकांच्या परततात, काहींच्या काही कायमच्या जातात. हे आधी सांगायलाच हवं. दुसरं असं की हा उपचार आजार उतरवतो, पण त्याला रोखून धरत नाही. 2001च्याच आणखी एका अभ्यासात या उपचाराने बरे झालेल्या नैराश्याच्या रुग्णांपैकी ज्यांना पुढे खरं औषध मिळालं नाही, त्यांतले 84 टक्के सहा महिन्यांत पुन्हा कोसळले. नॉर्ट्रिप्टिलिन आणि लिथियम मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं.

राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खान्देशात एकही नाही. पण म्हणून येरवड्याची वाट धरायलाच हवी असं नाही. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मनोविकार विभागात आधी दाखवा आणि शॉकची सोय कुठे आहे हेही तिथेच विचारा. रात्री-बेरात्री काय करावं हे सुचत नसेल तर टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मात्र माणसाने अन्नपाणी सोडलं असेल किंवा मरणाची भाषा काढली असेल, तर फोनवर थांबू नका : फवारणीची औषधं कुलपात घाला, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.