वार एक की दोन? जुळ्यांची जन्मकथा

साधारणपणे दर महिन्याला स्त्रीच्या दोन अंडाशयांपैकी एकातून एकच स्त्रीबीज बाहेर पडते. गर्भनलिकेत त्याची एका शुक्राणूशी गाठ पडली, तर फलन होते आणि त्या एका पेशीपासून एक मूल घडते. जुळी होण्यासाठी या क्रमात दोन वेगवेगळ्या ठिकाणी बदल घडू शकतो. कधी सुरुवातीलाच एकाऐवजी दोन स्त्रीबीजे बाहेर पडतात, तर कधी बीज एकच असते, पण फलनानंतर तयार झालेला गर्भ दुभंगतो. पहिल्या प्रकारातली जुळी द्विबीज आणि दुसऱ्यातली एकबीज.

द्विबीज जुळ्यांमध्ये प्रत्येक बीजाला वेगळा शुक्राणू मिळतो. त्यामुळे ही मुले म्हणजे एकाच वेळी पोटात वाढलेली सख्खी भावंडे. त्यांची जनुके इतर कोणत्याही सख्ख्या भावंडांइतकीच, म्हणजे सरासरीने निम्मी, जुळतात. एक मुलगा आणि एक मुलगी अशी जोडी होते ती याच प्रकारात. दोघेही मुलगे किंवा दोघीही मुली असल्या, तरी एक आईवर आणि दुसरे वडिलांवर गेले, यात नवल काही नाही.

दोन बीजे एकदम पिकण्यामागे बहुतेकदा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून येणारे एक संप्रेरक असते. बीज पिकवण्याचे काम त्याचे. पस्तिशीच्या आसपास त्याचे प्रमाण वाढते, म्हणून त्या वयातल्या गरोदरपणात जुळ्यांची शक्यता विशीतल्यापेक्षा जास्त असते. वंध्यत्वावर दिले जाणारे क्लोमिफेनसारखे औषधही अंडाशयाला असाच जोर लावते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात दोन गर्भ गर्भाशयात सोडले आणि दोन्ही रुजले, तरी द्विबीज जुळीच होतात. हा गुण घराण्यातही उतरतो, पण तो दिसतो आईच्या शरीरात, कारण बीजे तिची असतात. वडिलांच्या घरी जुळी असली, तर त्याचा परिणाम त्यांच्या पत्नीवर होत नाही. मात्र तो गुण त्यांच्या मुलीकडे जाऊ शकतो आणि पुढे तिला जुळी होऊ शकतात. द्विबीज जुळ्यांचे प्रमाण समाजागणिक बदलते ते यामुळेच. नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांत ते जगात सर्वाधिक गणले जाते, तर जपानमध्ये फार कमी. जोडकेळे खाल्ल्याने जुळी होतात, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. केळ्याचा आणि स्त्रीबीजांच्या संख्येचा काही संबंध नाही, तेव्हा गरोदर बाईच्या हातून ते काढून घेण्याचेही कारण नाही.

एकबीज जुळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे प्रमाण जगात जवळपास सगळीकडे सारखेच, हजार बाळंतपणांमागे तीन ते चार. आईचे वय, वंश, घराणे यांनी त्यात फारसा फरक पडत नाही. गर्भ का दुभंगतो, याचे समाधानकारक उत्तर विज्ञानाला अजून मिळालेले नाही. पण तो कोणत्या दिवशी दुभंगतो, यावर पुढचे बरेच काही ठरते आणि गरोदरपणाच्या दृष्टीने हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

फलनानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत विभागणी झाली, तर अजून वार तयार होण्याची सुरुवातच झालेली नसते. दोन्ही गर्भांना आपापली वार आणि आपापली पाण्याची पिशवी मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगणाऱ्या गर्भांच्या वाट्याला मात्र एकच वार येते, पिशव्या तेवढ्या दोन होतात. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश याच गटातली. आठव्या दिवसानंतर वार आणि पिशवी दोन्ही सामाईक राहतात. असे फार थोड्या जोड्यांत घडते आणि त्यात दोन्ही नाळा एकमेकींत गुंतण्याचा धोका असतो. तेराव्या दिवसाच्या पुढे विभागणी सुरू झाली, तर ती बहुधा पूर्ण होत नाही आणि मुले शरीराने जोडलेली जन्मतात.

यातून एक गैरसमज दूर व्हायला हवा. बाळंतपणानंतर दोन वेगळ्या वारी दिसल्या की मुले द्विबीज आहेत, असे घरच्यांना पुष्कळदा सांगितले जाते. द्विबीज मुलांना वेगळी वार असते हे खरे. पण लवकर दुभंगलेल्या एकबीज मुलांनाही ती असते. शिवाय द्विबीज जुळ्यांच्या दोन वारी शेजारी रुजून एकमेकींना चिकटल्या, तर त्या एकच वाटतात. समजा, दोन मुली जन्मल्या, दोघींची वार वेगळी आहे आणि रक्तगटही एकच आहे. एवढ्यावरून त्या कोणत्या प्रकारच्या, हे सांगता येत नाही. त्यांचे रक्तगट वेगळे निघाले असते, तर द्विबीज म्हणता आले असते.

पोटात असताना मात्र प्रश्न बीजांचा नसून वारेचा असतो आणि त्याचे उत्तर अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट मिळते. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे भिडतो, तिथे वारेचा जाडसर त्रिकोणी भाग पडद्यात शिरलेला दिसला, तर वारी दोन आहेत. पातळ पडदा इंग्रजी टी अक्षरासारखा सरळ येऊन टेकला असेल, तर वार एक. पुढच्या महिन्यांत ही खूण पुसट होत जाते, म्हणून ही तपासणी वेळेवर व्हावी आणि वारेची नोंद अहवालात असावी, याचा आग्रह धरला पाहिजे.

कारण सामाईक वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. सहसा देवाणघेवाण समतोल राहते, पण अशा सुमारे दहा ते पंधरा टक्के गरोदरपणांत रक्त एकाकडून दुसऱ्याकडे जास्त जाऊ लागते. देणाऱ्या बाळाची लघवी कमी होते आणि त्याच्या पिशवीतले पाणी आटते. घेणाऱ्याच्या पिशवीत पाणी साचते आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. हे लवकर कळावे, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करतात. या काळात आईचे पोट अचानक वेगाने वाढले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. गंभीर अवस्थेत उपचार झाला नाही, तर बहुतेकदा दोन्ही बाळे दगावतात. गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून त्या जोडवाहिन्या लेझरने बंद करता येतात आणि त्यानंतर बहुसंख्य गरोदरपणांत निदान एक बाळ वाचते.

एकबीज मुलांची जनुके सारखी असली, तरी ती तंतोतंत एक नसतात. बोटांचे ठसे पोटातल्या दाबानुसार आणि हालचालींनुसार उमटतात, म्हणून ते वेगळे निघतात. विभागणीच्या आगेमागे पेशींमध्ये काही किरकोळ बदलही होतात. आइसलंडमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा जोड्यांमध्ये सरासरी पाच बदल आढळले. शरीराच्या संरक्षण यंत्रणेला मात्र असे दोघे परके वाटत नाहीत. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवले. दोघे खरोखर एकबीज आहेत का, हे शस्त्रक्रियेआधी ठरवायचे होते आणि डीएनए चाचणी तेव्हा नव्हती. डॉक्टरांनी एका भावाच्या कातडीचा लहान तुकडा दुसऱ्याच्या अंगावर लावला आणि तो नाकारला जात नाही, याची खात्री झाल्यावरच शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. माणसातले मूत्रपिंडाचे हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला. आज तेच उत्तर दोन्ही मुलांच्या गालाच्या आतून कापूस फिरवून घेतलेल्या पेशींच्या डीएनए चाचणीतून मिळते.